माशाचं नायट्रोजन मूल्य २.७ ने जास्त आलं, म्हणजे मासा वरच्या पोषण पातळीवर गेला का?

काठावरचा

दोन तलावांतल्या एकाच जातीच्या, साधारण सारख्याच लांबीच्या भक्षक माशाचे समस्थानिक आकडे हातात आलेत. डेल्टा नायट्रोजनची, म्हणजे जड नायट्रोजनच्या प्रमाणाच्या मापाची, सरासरी पहिल्या तलावात १२.९ ‰, दुसऱ्यात १५.६ ‰. फरक २.७. अन्नसाखळीतल्या एका पायरीला ३.४ धरलं तर दुसऱ्या तलावातला मासा जवळजवळ ०.८ पायरी वर बसतो. पण पोटातलं अन्न उघडून पाहिलं तर दोन्हीकडे तेच: लहान मासे, थोडे कीटक, थोडे झिंगे.

मग प्राणिप्लवक पाया धरून हिशेब केला. पहिल्या तलावाचं प्लवक ५.१, दुसऱ्याचं १२.४. आता पहिल्या तलावातला मासा ४.२९ वर आणि दुसऱ्यातला २.९४ वर येतो, म्हणजे सगळं उलटं! दोन्ही तलावांतले शिंपले आणि काठावरच्या पाणगोगलगाई मोजून झाल्या आहेत, पण त्या आकड्यांचं काय करायचं ते ठरत नाही. कुठला हिशेब धरू?

---

सरळसोट

प्लवकाचाच धरा. अन्नसाखळी तिथूनच सुरू होते. पाया वजा करायचा, ३.४ ने भागायचं, वर २ मिळवायचे, झालं काम. ३.४ हा ठरलेला आकडा आहे. उत्तर अनपेक्षित आलं म्हणून पद्धत बदलणं बरोबर नाही.

---

मोजमाप

सरळसोट, पाया वजा करायचा हे तुमचं बरोबरच आहे. पाया कोणाचा घ्यायचा, तिथे मात्र गाडी अडते.

काठावरचा, प्लवक दोन्ही तलावांत एकाच महिन्यात गोळा केलं होतं का? आणि जाळीत आलेलं सगळं एकत्र वाळवलं, की जाती वेगळ्या केल्या?

---

काठावरचा

पहिल्या तलावातलं वसंतात, दुसऱ्यातलं उन्हाळ्याच्या शेवटी. जाती वेगळ्या केल्या नाहीत, सगळं एकत्रच.

---

मोजमाप

मग दोष प्लवकाचा आहे. माशाकडे नंतर येऊ.

प्राणिप्लवकाचं शरीर काही आठवड्यांत नवं होतं. पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजनचं मूल्य ऋतूप्रमाणे हलतं आणि प्लवक त्याच्या मागे मागे जातं, एका वर्षात कित्येक ‰ ने वरखाली होतं. मोठ्या माशाचा पाठीचा स्नायू मात्र महिन्यांचं, कधी वर्षाहून जास्त काळाचं अन्न साठवून ठेवतो. तुम्ही वर्षभराची सरासरी एका दिवसाच्या नोंदीशी ताडून पाहताय, आणि ते दिवसही दोन तलावांत वेगळे. शिवाय एकत्र वाळवलेल्या प्लवकात शैवाल खाणारे डॅफ्निया असतात तसे दुसऱ्या प्लवकाला खाणारे कोपेपॉडही असतात. त्या ढिगाला 'पातळी २' म्हणणं चुकीचं. उन्हाळ्याच्या शेवटी त्यात भक्षक जास्त असतील तर पाया आपोआप वर चढतो आणि मासा खाली दिसतो.

पाया म्हणून शिंपले आणि गोगलगाई घेतात, कारण दोघंही दीर्घायुषी, जागेवरून फारसे न हलणारे आणि खात्रीने शैवाल खाणारे, म्हणजे पातळी २ चे. शिंपला मधल्या पाण्यातलं वनस्पतिप्लवक गाळून खातो, गोगलगाय काठावरच्या दगडांवरचं शैवाल खरवडते. म्हणजे मधलं पाणी आणि काठ, दोन्ही अन्नमार्गांचे पाये तुमच्या हातात आहेत. त्यांचे कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही आकडे टाका. माशाच्या सी:एन, म्हणजे कार्बन-नायट्रोजन गुणोत्तरासकट.

---

नवशिका_७

विषय सोडून विचारतो. समस्थानिक म्हणजे किरणोत्सर्गी ना? नमुने हाताळायला परवाना लागत नाही का? आणि कार्बनवरून माशाचं वय कळतं असं वाचलं होतं.

---

शंखशोधक

नवशिका, तुम्ही कार्बन-१४ बद्दल वाचलं असेल. इथे १२ आणि १३ या कार्बनच्या आणि १४ आणि १५ या नायट्रोजनच्या जोड्या आहेत. चारही स्थिर, कशाचाच क्षय होत नाही. परवाना नको, वयही कळत नाही.

---

काठावरचा

आकडे सगळे ‰ मध्ये, प्रत्येक ठिकाणी सरासरी.

पहिला तलाव: गोगलगाय कार्बन −२२.०, नायट्रोजन ५.०. शिंपला कार्बन −३०.०, नायट्रोजन ७.२. मासा कार्बन −२८.१, नायट्रोजन १२.९, सी:एन ४.६.

दुसरा तलाव: गोगलगाय −२३.० आणि ८.४. शिंपला −३१.० आणि १०.३. मासा −२७.०, १५.६, सी:एन ३.३.

---

मोजमाप

आकडे बोलके आहेत. आधी नुसते पाये पाहा. दुसऱ्या तलावात गोगलगाय ३.४ ने आणि शिंपला ३.१ ने वर आहे. माशातला २.७ चा फरक तिथेच मुरला. तलावाचा तळच उंचावलाय, वर उभा असलेला मासा त्याच्यासोबत वर गेला. या तलावात सांडपाणी किंवा जनावरांच्या खतातून नायट्रोजन येतो का? त्यातला अमोनिया हवेत उडतो तेव्हा हलका नायट्रोजन आधी निघून जातो, विनायट्रीकरण करणारे जिवाणूही हलकाच आधी उचलतात. मागे उरतो तो जड. तो शैवालात शिरतो आणि तिथून सगळ्या साखळीत.

आता पहिल्या तलावातल्या माशाचा कार्बन. सी:एन ४.६ आहे, म्हणजे स्नायूत चरबी बरीच. चरबी तयार होताना शरीर हलका कार्बन वापरतं, त्यामुळे चरबी असलेला नमुना खऱ्यापेक्षा जास्त ऋण दिसतो. पाण्यातल्या प्राण्यांसाठी सी:एन ३.५ च्या वर गेलं की दुरुस्ती करायची:

```
d13C_norm = d13C - 3.32 + 0.99 * (C:N)
```

यात सी:एन वजनाचं हवं, अणूंचं नव्हे. प्रयोगशाळेच्या तक्त्यात कोणतं दिलंय ते विचारून घ्या. तुमचं वजनाचं असेल तर −२८.१ चे −२६.८७ होतात. दुसऱ्या तलावातला मासा ३.३ वर आहे, त्याला हात लावू नका. शिंपले-गोगलगाईंचं सी:एन तुम्ही दिलेलं नाही. तेही ३.५ च्या वर असेल तर तीच दुरुस्ती त्यांनाही, नाहीतर एक बाजू धुतलेली आणि दुसरी तशीच राहील.

पुढचा हिशेब दोन टप्प्यांचा आहे. माशाचा कार्बन गोगलगाय आणि शिंपला यांच्यामध्ये कुठे पडतो यावरून काठाचा वाटा काढायचा. त्या वाट्याने दोन पायांचं नायट्रोजन मिसळायचं आणि त्या मिश्रणापासून माशाची उंची मोजायची. अडचण एवढीच की प्रत्येक पायरीला कार्बनही साधारण ०.४ ने वर सरकतो. तो वजा करायला पायऱ्या किती ते माहीत हवं, आणि पायऱ्या काढायला वाटा हवा. म्हणून फिरवून फिरवून काढायचं:

```r
tp <- function(fc, fn, c1, n1, c2, n2, dC = 0.4, dN = 3.4) {
  lev <- 3
  for (i in 1:20) {
    a   <- (fc - dC * (lev - 2) - c2) / (c1 - c2)
    lev <- 2 + (fn - (a * n1 + (1 - a) * n2)) / dN
  }
  c(alpha = a, tp = lev)
}
tp(-26.87, 12.9, -22, 5.0, -30, 7.2)
tp(-27.00, 15.6, -23, 8.4, -31, 10.3)
```

पहिल्या तलावात काठाचा वाटा ०.३० आणि पातळी ३.८७. दुसऱ्यात वाटा ०.४१ आणि पातळी ३.७९. पातळीतला फरक ०.०८, म्हणजे नायट्रोजनच्या भाषेत ०.२७ ‰. यंत्राची अचूकताच ०.२ च्या आसपास असते. मासे एकाच पातळीवर आहेत. पोटातलं अन्न खरं सांगत होतं.

---

सरळसोट

आकडे पटले. पण चरबीचा एवढा खटाटोप कशाला? चरबी न काढता मी पहिल्या तलावाचं करून पाहिलं, कार्बनची ०.४ ची सरक पण सोडून दिली. पातळी ३.८३ येते. ३.८७ आणि ३.८३ मध्ये काय मोठा फरक?

---

मोजमाप

पातळीत नाही, मान्य. पण तुम्ही दोन चुका एकदम केल्यात आणि त्या एकमेकींना खोडताहेत. एकेक करून पाहा. सरक सोडून फक्त चरबी दुरुस्त केली तर काठाचा वाटा ०.३९. दोन्ही सोडलं तर ०.२४. दोन्ही नीट केलं तर ०.३०. 'मासा काठावरचं किती खातो' हाच प्रश्न असेल तर २४ टक्के आणि ३९ टक्के यांत केवढं अंतर आहे. पातळी मात्र फारशी हलली नाही, कारण इथे दोन पायांच्या नायट्रोजनमध्ये फक्त २.२ चं अंतर आहे. ते ५ असतं तर कार्बनमधली चूक सरळ पातळीत उतरली असती.

आणि ३.४ 'ठरलेला' नाही. १९८४ पासून वापरात असलेली ती सरासरी आहे, विखुरणं साधारण १ ‰. प्राणी लघवी-अमोनियातून हलका नायट्रोजन बाहेर टाकतो म्हणून उरलेलं शरीर जड होतं. किती जड, हे अन्नातल्या प्रथिनांवर, उपासमारीवर आणि जातीवर अवलंबून. कोडमध्ये `dN = 2.5` टाकून पाहा: मासे ४.५ आणि ४.४ वर जातात. दोघांमधला फरक तेवढाच राहतो, पण 'चौथ्या पातळीचा भक्षक' असं ठासून लिहिता येत नाही. तुलना भक्कम, एकट्या आकड्यावर भरवसा कमी.

---

सरळसोट

बरं. प्लवकाचा मुद्दा सोडतो. ३.४ बद्दल अजून पूर्ण पटलेलं नाही, पण तुलनेपुरतं ठीक.

---

जुनीबरणी

माझ्याकडे याच धर्तीचे मासे आहेत, पण फॉर्मॅलिनमधले, कित्येक वर्षं बरणीत. ताज्या माशांशी तुलना करायची आहे. सी:एनची दुरुस्ती लावली की पुरे का?

---

शंखशोधक

नाही. फॉर्मॅलिनचा स्वतःचा कार्बन ऊतीला चिकटतो, तो हलका असतो, त्यामुळे मूल्य साधारण १ ते २ ‰ ने ऋणाकडे जातं. त्यात सी:एनही बदलतं. म्हणजे चरबीच्या सूत्रात जाणारा आकडाच बिघडलेला. नायट्रोजनवर परिणाम त्या मानाने कमी.

उपाय एकच: त्याच जातीचे काही ताजे मासे घेऊन प्रत्येकाचा अर्धा स्नायू गोठवा, अर्धा त्याच द्रावणात ठेवा, दोन्ही मोजा आणि फरक काढा. बदल बहुतेक सुरुवातीच्या आठवड्यांतच होऊन जातो म्हणून हे करता येतं. बरणी कधी फॉर्मॅलिनमधून अल्कोहोलमध्ये हलवली का, तेही पाहा. तसं असेल तर चाचणीही त्याच क्रमाने.

---

काठावरचा

मोजमाप, मनापासून आभार. गोगलगाईंचं सी:एन शोधलं. पहिल्या तलावातल्या पाच गोगलगाईंपैकी चौघींचं ३.८ ते ४.१. पाचवीचं ६.३, आणि तिचा कार्बन −१६.५! बाकीच्या चौघींची सरासरी −२३.४ आहे. चरबीची दुरुस्ती लावली तर ती आणखी वर जाते. हे काय?

---

शंखशोधक

तिला चरबीची दुरुस्ती अजिबात लावू नका, ते शिंपल्या-शंखाचं कार्बोनेट आहे. हे ओळखायची खूण पक्की: सी:एन वाढलं आणि कार्बन जास्त ऋण झाला तर चरबी. सी:एन वाढलं आणि कार्बन शून्याकडे सरकला तर कार्बोनेट. शंखातला कार्बन पाण्यातल्या बायकार्बोनेटचा असतो, ऊतीपेक्षा खूप जड. पूड करताना शंखाची कपची गेली असणार. मिलिग्रॅमभर नमुन्यात एवढीशी कपची पुरते.

पूड शिल्लक असेल तर चिमूटभर काचपट्टीवर घेऊन भिंगाखाली एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडा. बुडबुडे दिसले की निकाल लागला. त्यानंतर तो नमुना दुभागायचा. एक भाग थेंबथेंब आम्लाने बुडबुडे थांबेपर्यंत धुऊन वाळवायचा आणि त्याचा फक्त कार्बन घ्यायचा. दुसरा भाग तसाच मोजून त्याचा फक्त नायट्रोजन घ्यायचा. आम्लाने धुतल्यावर विरघळणारे नायट्रोजनचे पदार्थ वाहून जातात आणि नायट्रोजनचं मूल्य हलतं. पुढच्या वेळी शंख फोडूच नका: उकळत्या पाण्यात क्षणभर धरून गोगलगाय चिमट्याने बाहेर ओढा आणि पायाचा स्नायू तेवढा कापून घ्या. आतडं घेऊ नका, त्यात न पचलेलं शैवाल असतं.

---

सरळसोट

मग सरसकट सगळेच नमुने आम्लाने धुतले तर शंकाच नको. मासेसुद्धा.

---

शंखशोधक

नको. माशाच्या स्वच्छ पांढऱ्या स्नायूत कार्बोनेट नसतंच. धुऊन फायदा शून्य, नायट्रोजन बिघडण्याचा धोका मात्र पूर्ण. खवला किंवा काट्याचा तुकडा गेल्याची शंका असेल तर पुन्हा कापा.

---

मोजमाप

शंखशोधकांशी सहमत. आणि काठावरचा, याचा तुमच्या हिशेबावर परिणाम आहे. पाचवी गोगलगाय काढली की पहिल्या तलावाचं काठाचं टोक −२२.० वरून −२३.४ वर येतं, आणि मधल्या पाण्याच्या टोकाशी अंतर ८ वरून ६.६ होतं. काठाचा वाटा ०.३० वरून साधारण ०.३६ वर जाईल, पातळी जवळपास तीच. पण उरलेल्या चौघींचं सी:एन ३.५ च्या वर आहे. चरबी म्हणून दुरुस्त केलं तर टोक पुन्हा वर सरकेल. माझा कल न करण्याकडे आहे: गोगलगाईच्या अख्ख्या शरीरात ग्लायकोजेन आणि श्लेष्मा भरपूर, त्यामुळे सी:एन वाढण्याचं कारण चरबीच असेल असं नाही.

---

शंखशोधक

इथे माझं मत वेगळं आहे. पायाचा स्नायू असता तर मीही सोडलं असतं. अख्खं शरीर असेल तर त्यात पचनग्रंथी आली, आणि तिच्यात चरबी असतेच. दोन-तीन नमुन्यांची क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉलने चरबी काढून कार्बन प्रत्यक्ष मोजा. नायट्रोजन मात्र न काढलेल्या भागाचाच घ्या, ते द्रावण काही प्रथिनंही सोबत नेतं.

---

काठावरचा

अख्खं शरीरच होतं. मोजून घेतो. पूड शिल्लक आहे पण फार थोडी. किती लागते?

---

शंखशोधक

प्राण्यांच्या ऊतीला टिनच्या कॅप्सूलमध्ये साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम, म्हणजे दोन्ही मोजमापांना मिळून दोनेक मिलिग्रॅम हाताशी असली की झालं. पूड पिठासारखी बारीक हवी. ६० अंशांवर ४८ तास वाळवलेली असूनही दमट वाटली तर परत वाळवा, ओल धरलेल्या पुडीचं वजन खोटं येतं. कॅप्सूल गोळी करताना फाटली तर नवी घ्या, फाटक्यातून सांडलेली पूड शेजारच्या खळग्यात जाते आणि दोन नमुने बिघडतात. वजन चुकलं तर ते टक्केवारीत दिसतं: माशाच्या स्नायूत नायट्रोजन साधारण १४ टक्के असायला हवा. ८ टक्के आला आणि सी:एन नेहमीसारखंच असलं तर पूड सांडली आहे. यंत्राच्या आलेखातलं शिखर फारच लहान नसेल तर मूल्य वापरता येतं.

---

पाणकोंबडी

उशिरा आले. एक विचारते: दोन्ही तलावांची खोली किती? उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपतो का?

---

काठावरचा

पहिला साधारण ६ मीटर. दुसरा १८, आणि हो, उन्हाळ्यात तळाला प्राणवायू नसतो.

---

पाणकोंबडी

मग दुसऱ्या तलावाला तिसरा पाया आहे: खोल तळ. तिथल्या गाळात मिथेन तयार होतो, तो फार हलका. मिथेन खाणारे जिवाणू आणि त्यांना खाणाऱ्या कायरोनोमिडच्या लाल अळ्या यांचा कार्बन −४० च्याही खाली जाऊ शकतो. तळाच्या प्राण्यांचं नायट्रोजनही बहुतेक वेगळंच. मासा थोड्या अळ्या आणि जास्त काठाचं अन्न खात असेल तर कार्बन बरोबर मध्ये येऊन बसेल आणि दोन टोकांचं सूत्र 'मधल्या पाण्याचं अन्न' म्हणून सांगेल. एक कार्बन आणि तीन स्रोत, उत्तर एकमेव नसतं.

`simmr` किंवा `MixSIAR` या R पॅकेजांमध्ये तीन स्रोत टाकता येतात, नायट्रोजनही सोबत. पण मासा स्रोतांच्या बहुभुजाबाहेर पडला तरी ते टक्केवारी छापतातच. आधी बिंदू आलेखावर काढून डोळ्यांनी पाहा.

---

मोजमाप

हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. ३.७९ हा आकडा तळाचं अन्न नगण्य आहे या गृहीतावरच उभा आहे. पोटात 'थोडे कीटक' होते म्हणालात, त्यात लाल अळ्या किती?

---

काठावरचा

नोंदीत फक्त 'कीटक' आहे. पोटातला ऐवज अल्कोहोलमध्ये ठेवलाय, डोक्याची कवचं शिल्लक असतील तर ओळखता येतील.

अजून एक, सांडपाण्याचं विचारलं होतंत: दुसऱ्या तलावाच्या उत्तर टोकाला नाला मिळतो. आणि गोगलगाई सगळ्या उत्तर काठावरूनच उचलल्या.

---

मोजमाप

अरेरे. मग काठाचा ८.४ हा नाल्याचा आकडा असू शकतो, तलावाचा नव्हे. दक्षिण काठावर ५ असला आणि मासा दोन्हीकडे फिरत असला तर पाया खाली येईल आणि मासा वर चढेल: काठाचा पाया सरासरी ६.७ धरला तर पातळी ४ च्या जवळ. दक्षिणेच्या आणि मधल्या काठाच्या गोगलगाई आणा, प्रत्येक ठिकाणच्या निदान पाच, वेगवेगळ्या मोजा, एकत्र कुटू नका.

---

पाणकोंबडी

आणि खोल तळाच्या अळ्यांसाठी गाळाचा नमुना. अळ्या मोजण्याआधी स्वच्छ पाण्यात एक दिवस ठेवून आतडं रिकामं होऊ द्या, नाहीतर गाळच मोजला जातो.

---

काठावरचा

पोटातल्या कीटकांकडे आज बघतो. गोगलगाई आणि गाळ पुढच्या फेरीत, आकडे आले की इथेच टाकतो.